रेडिओसाठी दहा सेकंदांची जाहिरात करायचीय, शेवटची ओळ सुचवा (लाकडी घाणा, विटा)

घाणेकरी_विटा
नमस्कार मंडळी. आमचा विट्यात स्टँडच्या मागं लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं काढून देतो, तयार तेलही विकतो. दुकानाला वेगळं नाव नाही, बोर्डावर लाकडी घाणा एवढंच लिहिलंय, गावात सगळे स्टँडमागचा घाणा म्हणतात. आता सांगलीकडं रेडिओवर दहा सेकंदांची जाहिरात द्यायचं ठरतंय. बाकी मजकूर जमेल पण शेवटी एक ओळ अशी पाहिजे की ऐकणाऱ्याच्या तोंडात बसली पाहिजे. मी आणि भावानं मिळून ही केलीय:

"शुद्ध, सात्त्विक, स्वच्छ, सकस, लाकडी घाण्याचं तेल सरस!"

सगळे स आणलेत, शेवटी सकस सरस जुळवलंय. कशी वाटते? मोकळेपणानं सांगा, अजून रेकॉर्डिंग झालेलं नाही.

पुणेरी_पाटी
वाचायला छान आहे. टेम्पोच्या मागे लिहा.

सुमनताई_मिरज
मला तर आवडली. सकस सरस मस्त जुळलंय. फक्त नंबर पण टाका मोबाईलचा, लोक फोन करून येतात.

निवेदिका
मी बरीच वर्षं रेडिओवर निवेदन केलंय आणि स्पॉटही वाचलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दादा, ओळ कागदावर चांगली दिसते पण रेडिओवर दोन ठिकाणी मार खाईल.

पहिलं म्हणजे स आणि श. हे आवाज म्हणजे नुसती हवेची फुसफुस, त्यांचा जोर अगदी वरच्या पट्टीत असतो. मीडियम वेव्हवर ती वरची पट्टी बरीचशी कापली जाते, मग शुद्ध सात्त्विक स्वच्छ मधले स-श पुसट होतात आणि ऐकणाऱ्याला मधलं काहीतरी गुळगुळीत ऐकू येतं. एफएमवर उलटा त्रास, तिथं वरची पट्टी येते, त्यामुळं माईकजवळ बोलणारा असेल तर ओळीत इतके स आल्यावर शिट्टी वाजल्यासारखं होतं आणि स्टुडिओवाला ते दाबत बसतो. म्हणजे ज्या अक्षराच्या भरवशावर ओळ उभी आहे तेच अक्षर रेडिओला नीट पेलत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जुळतंय काय, तर सकस आणि सरस. लक्षात राहिलं तर ते राहणार. तुमचा घाणा ओळीच्या मधे अडकलाय आणि तोही "घाण्याचं" होऊन, त्याचा मूळ आवाज गेलाच. ऐकणारा संध्याकाळी सकस सरस गुणगुणेल आणि दुकान कुठलं ते आठवणार नाही. यमक नावावरच आलं पाहिजे, नावाच्या शेजारी येऊन उपयोग नाही.

सुमनताई, मोबाईल नंबर दहा सेकंदांत नको. दहा आकडे म्हणायलाच चार सेकंद जातात आणि गाडी चालवणारा माणूस ते लिहून घेत नाही. ठिकाण सांगितलेलं बरं.

जाहिरातवाला_ठाणे
सोप्पं आहे, रिपीट करा. घाणा घाणा घाणा घाणा लाकडी घाणा. लोकांच्या डोक्यात तेच जातं. वॉशिंग पावडर निरमा आठवा, त्यात नावाशिवाय दुसरं आहे काय? यमक बिमक कोणी ऐकत नाही, नाव जितक्या वेळा तितकं चांगलं.

विदर्भाचा_वाघ
@जाहिरातवाला घाणा घाणा पटापट म्हणून बघा भाऊ जोरात. शेवटचा आ जरा आखूड झाला की काय ऐकू येते ते बघा. तेलाच्या जाहिरातीत 😂

जाहिरातवाला_ठाणे
अरे बापरे. घाण. हे लक्षातच आलं नाही 🙈

घाणेकरी_विटा
@विदर्भाचा_वाघ आमच्याकडं लहानपणापासून घाणा शब्द कानावर असल्यामुळं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण रेडिओवर पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराला खरंच तसं वाटू शकतं. मग घाणा शब्दच टाळायचा का? तेलघाणी म्हणू का? पण आमच्याकडं घाणाच म्हणतात.

निवेदिका
टाळू नका, तोच तर तुमचं नाव आहे. त्याच्या शेजारी असा शब्द ठेवा की तो ऐकल्यावर कान आपोआप घाणाच पकडेल. घाणाला एकाच आवाजाचा फरक असलेला आणि तुमच्याच धंद्यातला शब्द कुठला? दाणा. दाणा ऐकल्यावर पुढं घाण ऐकू येणंच अवघड, कारण कान पुढच्या "आणा"ची वाट बघत असतो.

आणि @जाहिरातवाला, तुमचं अर्धं बरोबर आहे. नाव पुन्हा पुन्हा आलं पाहिजे हे खरं. पण निरमाची ती चाल आहे, गाऊन म्हटलेलं नाव सूर सांभाळतो. बोलून एकच शब्द ओळीने म्हटला की तिसऱ्या वेळेपासून कान तो ऐकणं सोडून देतो. बोलायच्या ओळीत अर्धं तेच ठेवायचं आणि अर्धं बदलायचं. "पाणी अडवा, पाणी जिरवा" बघा. पाणी दोनदा जसंच्या तसं, क्रियापद बदललं, पण दोन्हींच्या शेवटी वा. किंवा आपली म्हण, "खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी". तुपाशी आणि उपाशी यात फक्त एका त चा फरक आहे आणि अर्थ पार दोन टोकांना. असा जोड सापडला की ओळ आपोआप पाठ होते.

कोकणी_मासा
आधी पोटोबा मग विठोबा. आणि "दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं" पण त्यातलंच. आपल्या म्हणी म्हणजे रेडिओ यायच्या आधीच्या जाहिरातीच आहेत.

सोलापूरची_सून
मधेच विचारते, माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, आम्ही "चवीचा चविष्ट चिवडा" अशी ओळ व्हॉट्सअपला टाकतो. रेडिओला चालेल का? ती पण सगळी च ची आहे.

निवेदिका
ताई, व्हॉट्सअपवर चालेल कारण तिथं ती डोळ्यांना दिसते. पण तुमचे तीन च एक नाहीत. चव आणि चविष्ट मधला च दाताजवळचा आहे, चव मधला च म्हणा आणि चिवडा मधला म्हणा, जीभ कुठं लागते बघा. चिवड्यातला च टाळूचा. तसंच ज आणि झ चं. लिहिताना एकच अक्षर, ऐकताना दोन वेगळे आवाज, आणि रेडिओला अक्षर दिसत नाही. चिवड्याबरोबर चिमूट, चिंच, चीज असलं काही घ्या, ते खरंच जुळेल. कुठलीही ओळ आधी डोळे मिटून मोठ्यानं म्हणायची, नुसती लिहून बघायची नाही.

सोलापूरची_सून
अय्या खरंच! आत्ता म्हणून बघितलं, नवऱ्यालाही म्हणायला लावलं. "चिमूटभर चाखा" नको, चाखा चा पण वेगळाच. "चिमूटभर चिवडा" ठेवते.

विदर्भाचा_वाघ
चिमूटभर कोणी खाते का ताई, आमच्याकडे पोतंभर लागते.

पेठेतला_इंजिनिअर
आता रेडिओ कोण ऐकतं हो? ते पैसे रील्समध्ये घाला.

घाणेकरी_विटा
@पेठेतला_इंजिनिअर आमच्या गावात यंत्रमाग आहेत, शेडमध्ये दिवसभर रेडिओ चालू असतो. शिवाय ट्रॅक्टरवाले, दूधगाड्या, टेम्पो. मोबाईल बघत कोणी माग चालवत नाही. आमचं गिऱ्हाईक तिथंच आहे.

निवेदिका ताई, तुमच्या दाण्यावरून आम्ही रात्री बसून जुळवलं. हे बघा:

"दाणा तुमचा, घाणा आमचा!"

गिऱ्हाईक घरची शेंग फोडून घेऊन येतं आणि आम्ही समोर तेल काढून देतो, पेंड पण त्यांची त्यांना. धंदाच तो आहे. आईला म्हणून दाखवलं तर तिनं लगेच एकदा म्हणून बघितलं.

कोकणी_मासा
एक नंबर. हीच फायनल करा.

सुमनताई_मिरज
वा! चालच लागते.

जाहिरातवाला_ठाणे
मस्त. आठ ठोके आहेत, चार आणि चार. टाळी वाजवत म्हणता येतंय.

निवेदिका
खूपच चांगली आहे दादा, आणि खरी आहे म्हणून जास्त चांगली. शेड म्हणालात म्हणून सांगते, मागाच्या खडखडाटात व्यंजनं सगळ्यात आधी बुडतात आणि लांब स्वर शेवटपर्यंत टिकतात. दाणा घाणा मधे चारही आ लांब आहेत. तुमच्या पहिल्या ओळीत शुद्ध, सकस, सरस सगळं आखूड आखूड होतं, तिथं मागात काहीच पोचलं नसतं.

पण एक अडचण आहे. "घाणा आमचा" भरभर म्हणा. एका आ ला लागून दुसरा आ आलाय, दोन्ही चिकटून "घाणामचा" होतं. निवेदकानं मधे श्वास सोडला तर ठीक, पण दहा सेकंदांच्या गडबडीत तो सोडत नाही. शब्द उलटे करून बघा:

"तुमचा दाणा, आमचा घाणा!"

चिकटणं गेलं, आणि ओळ तुमच्या नावावर संपते.

रानातला_रेडिओ
मी इथं थोडा विरोध करतो. मी कम्युनिटी रेडिओवर लोकांची रेकॉर्डिंग एडिट करतो. माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतो, हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. उलट्या ओळीत शेवटचा शब्द घाणा आहे आणि आवाज पडला की शेवटचा आ गळतो. म्हणजे पुन्हा विदर्भाच्या भाऊंनी सांगितलेला तोच धोका. मूळ ओळीत घाणा मधे सुरक्षित होता, शेवटी आमचा गळला तरी बिघडत नाही. निवेदिका ताईंना आवाज शेवटपर्यंत धरायची सवय आहे, दुकानदाराला नसते.

निवेदिका
@रानातला_रेडिओ मुद्दा बरोबर आहे, आवाज पडतो. पण त्यासाठी ओळ बदलण्यापेक्षा म्हणायची पद्धत बदलू. दोघांनी मिळून म्हटली की आवाज सहसा पडत नाही, एकजण दुसऱ्याला धरून ठेवतो. आणि हाक मारल्यासारखं म्हणायचं, शेवट वर न्यायचा. बाजारात भाजीवाला "ताजी मेथीऽऽ" म्हणताना शेवटचा स्वरच लांबवतो, तसं.

रानातला_रेडिओ
जमलं तर उत्तम. मला अजून मूळ ओळच जास्त भरवशाची वाटते. दादा, दोन्ही मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मागावरच्या माणसांना शेडमध्येच ऐकवा. "कशी वाटली" विचारू नका, सगळे चांगली म्हणतात. "काय ऐकू आलं ते म्हणून दाखव" असं विचारा. आणि तासाभरानं दुसरं काही बोलत असताना पुन्हा विचारा.

कायदेशीर_काका
एक सूचना करतो. स्पॉटमध्ये कुठेही कोलेस्टेरॉल कमी, हृदयाला उत्तम वगैरे घालू नका. खाद्यपदार्थाबद्दल असा दावा केला तर पुरावा द्यावा लागतो. "सर्वात शुद्ध", "एक नंबर" हेही पुराव्याशिवाय नको. आणि एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर ओळ बसवायचा मोह होईल, त्याला परवानगी लागते. सध्याच्या ओळीत दावाच नाही, त्यामुळे ती निर्धोक आहे.

नाशिकचा_निशिकांत
विको टर्मरिक नहीं कॉस्मेटिक पण यातलंच ना? लहानपणी अर्थ कळत नव्हता पण पाठ होतं.

निवेदिका
हो, आणि त्यात इक-इक नावातूनच आलंय बघा. टर्मरिक हे मालाचं नाव आणि त्यालाच जुळणारा शब्द शोधलाय.

शेतकरी_कवठे
मला वेगळाच प्रश्न पडलाय. आमच्याकडं भुईमूग नाही, मी तयार तेल विकत घेतो. "तुमचा दाणा" ऐकून मला वाटलं की दाणा घेऊनच जायला पाहिजे. मी आलोच नसतो.

घाणेकरी_विटा
@शेतकरी_कवठे अण्णा, हे तुम्ही बोललात ते फार बरं झालं. आमचं निम्मं गिऱ्हाईक तयार तेलाचंच आहे. अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात लिटरभर तेलाला, प्रत्येकाकडं कुठनं असणार. आता ओळ सोडवत नाही आणि ती अर्ध्या लोकांना परत पाठवणारी पण नको. काय करावं?

पुणेरी_पाटी
ओळ बदला. अर्धवट खरी जाहिरात ही खोटी जाहिरातच असते.

कोकणी_मासा
ओळ कशाला बदलायची, आधीच्या वाक्यात सांगा की तयार तेल मिळेल.

निवेदिका
ओळच दोनदा वापरा, दुसऱ्यांदा एक शब्द बदलून. पहिल्यांदा "तुमचा दाणा, आमचा घाणा", मग कोणीतरी विचारेल शेंग नसली तर, की उत्तर "आमचा दाणा, आमचा घाणा". अण्णांचा प्रश्न ओळीतच सुटतो आणि दाणा घाणा दोनदा कानावर जातो. पुनरावृत्ती पण झाली आणि कंटाळा पण नाही, कारण दुसऱ्यांदा अर्थ पुढे सरकतो.

जाहिरातवाला_ठाणे
"आमचाच दाणा, आमचाच घाणा" करा, ठसका येतो.

सुमनताई_मिरज
नको हो, आमचाच म्हटलं की भांडल्यासारखं वाटतं. वाटणीच्या वेळी बोलतात तसं.

घाणेकरी_विटा
सुमनताईंशी सहमत, च नको. मंडळी, शेडमध्ये ऐकवून आलो. चुलतभावाचा माग आहे तिथं, सगळे माग चालू असताना मोबाईल खिडकीत ठेवला. जुनी स ची ओळ कोणालाच म्हणता आली नाही, एकजण म्हणाला साबणाची जाहिरात आहे का. "दाणा तुमचा, घाणा आमचा" ला दाणा सगळ्यांनी पकडला पण पुढचं काहींनी "खाणा आमचा" म्हटलं. उलटी ओळ मी एकट्यानं म्हटलेली होती त्यात शेवट खरंच गळला, रानातला रेडिओ म्हणाले तसंच झालं. मग बायको आणि मी मिळून शेवट ओढून म्हटली ती बरोबर ऐकू आली, आणि चहाच्या वेळेला एक पोरगा आपणहून दुसऱ्याला म्हणत होता, तुमचा डबा आमचा चहा. म्हणजे चाल बसली असं मी धरतो.

आता पूर्ण मजकूर असा केलाय:

बाई: घरची शेंग आहे, तेल कुठं काढू?
पुरुष: विटा, स्टँडमागच्या घाण्यावर.
दोघं: तुमचा दाणा, आमचा घाणाऽ!
बाई: शेंग नसली तर?
पुरुष: तेल तयार आहे.
दोघं: आमचा दाणा, आमचा घाणाऽ!

सुरुवातीला घाण्याच्या कुरकुरीचा आवाज टाकायचाय.

निवेदिका
फार छान झालंय. एकच शब्द बदला. "घाण्यावर" नको, विभक्ती लागली की घाणाचा घाण्या होतो आणि तुम्ही ज्या आवाजावर सगळं उभं केलंय तोच मोडतो. सरळ "विटा, स्टँडमागचा घाणा" म्हणा. बोलताना प्रश्नाला असं उत्तर देतातच आपण. मग घाणा तीनदा येतो, तिन्ही वेळा एकाच रूपात, आणि पहिल्यांदा पत्त्यासकट.

रानातला_रेडिओ
मी मोजून बघितलं, घाणा सरळ केल्यावर चाळीस बेचाळीस अक्षरांचे उच्चार होतात. सेकंदाला पाच धरले, त्यापेक्षा भरभर गेलात तर शेडमध्ये पोचत नाही, तर साडेआठ सेकंद बोलण्यातच जातात. दोघांच्या मधे थोडी थोडी जागा लागणार. म्हणजे कुरकुरीला वेगळी जागा नाही, ती बाईंच्या पहिल्या वाक्याच्या खाली हळू चालू ठेवा आणि "विटा" यायच्या आत बंद करा. घाण्याची कुरकुर आणि मागाचा खडखडाट एकमेकात मिसळतात, ओळीखाली ती राहिली तर तुमचाच आवाज तुमच्या ओळीला खाईल.

घाणेकरी_विटा
दोन्ही बदल केले. कुरकुर पहिल्या वाक्यापुरतीच ठेवतो. बायकोला "काढू" वर प्रश्नाचा सूर नीट धरायला सांगितलंय, तिचा आवाज खणखणीत आहे.

शेतकरी_कवठे
आता कळलं. मी तयार तेलालाच येणार, करडईचं पण असतं ना?

घाणेकरी_विटा
असतं अण्णा. येताना किटली आणा.

विदर्भाचा_वाघ
करडईवाल्यांसाठी ओळ कुठे आहे पण? करडईला काय जुळते?

कोकणी_मासा
घरधनी? गडबड? नाही जुळत काही.

रानातला_रेडिओ
दाणा म्हटल्यावर करडईचाही दाणाच की. जुळवायची गरज नाही. पण पुढच्या सीझनला नुसत्या करडईचा स्पॉट करायचा असेल तर वेगळा धागा काढा, त्यात ड आणि र जवळ येतात, भरभर म्हणताना जीभ अडखळते, ते काम अवघड आहे.